चित्र बोलतं, पण नेमकं काय?

"अडाणी माणसाला चित्र दाखवा, लगेच कळतं. वेगळं सांगायची गरज पडत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं तरी चिडचिड होते. परवा पुन्हा ऐकलं, हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका हॉलमध्ये. (मुंबईच्या वाचकांना स्वतःचा लॅमिंग्टन रोड आठवेल. हा हुबळीचा. दोन्ही नावं एकाच लॉर्ड लॅमिंग्टनची, 1903 ते 1907 मुंबईचा गव्हर्नर. हुबळी 1956 पर्यंत मुंबई राज्यातच होती.) कळघटगी आणि अळणावर भागात पीकविम्याची माहिती द्यायला जाणाऱ्या कार्यकर्त्यांची तयारी चालली होती. त्या गावांत मराठी बोलणारी शेतकरी घरं बरीच आहेत, म्हणून मलाही बोलावलं होतं.

टेबलावर एक सुबक पोस्टर होतं. डावीकडे वाळलेलं शेत, मध्ये बाण, उजवीकडे नोटांची गड्डी आणि हसरा शेतकरी. मी ते घेऊन चहावाल्याकडे गेलो. तिथे बाजाराला आलेले दोन शेतकरी बसले होते. "यात काय दिसतं?" एवढंच विचारलं. थोरले म्हणाले, "माझं शेत वाळलं की मला पैसे मिळणार." धाकट्याने मान डोलावली.

पोस्टर त्यांना कळलं नाही असं कोणी म्हणू नये. ते शंभर टक्के कळलं होतं, आणि जे कळलं ते चूक होतं. प्रधानमंत्री पीकविमा योजना खरीप 2016 पासून चालू आहे आणि तिचा मुख्य भाग एकट्याच्या शेताचं नुकसान मोजतच नाही. मुख्य पिकांसाठी ती साधारणपणे संपूर्ण ग्रामपंचायतीचं सरासरी उत्पन्न मोजते. गावोगावी "विमा भरला, पीक गेलं, एक पैसा आला नाही" असा जो संताप ऐकू येतो, त्यातला बराचसा या एका गैरसमजातून येतो. आणि तो गैरसमज त्या पोस्टरने रंगीत छापून वाटला असता.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी: 1976 साली नेपाळमध्ये युनिसेफ आणि तिथल्या राष्ट्रीय विकास सेवेने खेड्यापाड्यांत फिरून लोक चित्रांत काय पाहतात याचा अभ्यास केला. माणसं, वस्तू, जनावरं लोकांनी बऱ्यापैकी ओळखली. पण चित्रामागची कल्पना, एकामागून एक मांडलेल्या चित्रांमधला संबंध, डावीकडून उजवीकडे वाचायचा क्रम, हे सगळं अनेकांना उमगलं नाही. साहजिकच आहे. बाण म्हणजे "मग असं होतं" हे आपण शाळेत शिकलो. आलेखातला उंच खांब म्हणजे जास्त, हेही शिकूनच आलं. चित्र वाचणं हीसुद्धा साक्षरताच आहे.

मग पंधरा मिनिटांत पीकविमा समजवायचा कसा? आम्ही पोस्टर गुंडाळून ठेवलं आणि लिटरच्या पाण्याच्या आठ रिकाम्या बाटल्या मागवल्या. त्यांचे गळे कापले. आठवी बाटली बाजूला ठेवली. सोबत पिशवीभर सोयाबीन आणि टपरीवरचा एक छोटा चहाचा कप. एक कप म्हणजे एकरी एक क्विंटल, एवढी एकच खूण ठरवली.

बोलण्याची सुरुवात योजनेच्या नावाने करायची नाही. ती प्रश्नाने करायची: "गेल्या सात हंगामांत आपल्या पंचायतीत सोयाबीन कसं कसं झालं?" बुजुर्ग सांगू लागतात, वाद घालतात, हवं ते हेच. समजायला सोपे म्हणून आम्ही आकडे असे धरले: 6, 5, 2, 5, 4, 5, 3. हे उदाहरणाचे आकडे आहेत, तुमच्या पंचायतीचे नाहीत, असं आधी स्पष्ट सांगायचं. सरकारी हिशेब हेक्टरी असतो, पण गावात माणूस एकरात विचार करतो, म्हणून आपणही एकरातच बोलायचं. सात बाटल्यांत तेवढे कप सोयाबीन ओतायचं, ओतणारा हात गावातल्याच कोणाचा तरी.

"यातली सगळ्यात वाईट दोन वर्षं काढून टाका." दोन आणि तीन कपांच्या बाटल्या बाजूला जातात. नियम तोच आहे: सातांपैकी चांगली पाच धरायची. आता उरलेल्या पाच बाटल्यांतलं धान्य एकमेकींत ओतून सगळ्या सारख्या करायला सांगायचं. 6, 5, 5, 4, 5 मिळून पंचवीस कप, म्हणजे प्रत्येकीत पाच. सरासरी हा शब्द न उच्चारता सरासरी डोळ्यांसमोर तयार होते. तयारीच्या दिवशी एका आजीबाईंनी हे करून दाखवलं, नातवंडांना लाडू वाटावेत तितक्या सहज.

पुढचा टप्पा जोखीमस्तराचा. तो पीक आणि भाग पाहून 70, 80 किंवा 90 टक्के असतो. आम्ही 80 धरला. पाच कपांचे ऐंशी टक्के म्हणजे चार कप. आठवी, रिकामी बाटली पुढे घ्यायची आणि तिच्यावर चार कपांच्या उंचीला रबर लावायचं. "हा उंबरठा." सरकारी कागदावर शब्द तोच आहे, उंबरठा उत्पादन, आणि एवढा एक सरकारी शब्द लोकांच्या घरातलाच निघतो.

आता यंदाचं पीक. पंचायतीत पीक कापणीचे किमान चार प्रयोग होतात. कोणाच्या शेतात, ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. त्यांची सरासरी तीन क्विंटल आली असं धरा. तीन कप ओतले की रबराच्या खाली बोटभर जागा रिकामी दिसते. चारातला एक कमी, म्हणजे रुपयात चार आणे. जुनी माणसं हे आपणहून म्हणतात. एकरी विमा रक्कम वीस हजार धरली, तर भरपाई पाच हजार. खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबियांना शेतकऱ्याचा हप्ता दोन टक्के, म्हणजे चारशे रुपये.

इथेच थांबलं तर काम अर्धवट राहतं, कारण खरी अडचण पुढे आहे. एकाला उभं करून म्हणायचं, "यांच्या शेतात एकच क्विंटल झालं." दुसऱ्याला उभं करून, "यांच्याकडे पाच झालं. भरपाई कोणाला किती?" बहुतेक जण म्हणतात पहिल्याला जास्त, दुसऱ्याला काहीच नाही. खरं उत्तर: दोघांनीही विमा उतरवला असेल तर दोघांनाही एकरी पाच हजार. मग बाटली रबरापर्यंत भरायची. पंचायतीची सरासरी चार आली, तर एक क्विंटलवाल्यालाही शून्य. या क्षणी सभेत गलका होतो. तो होऊ द्यावा. इथे कोणी उठून "हा अन्याय आहे" म्हणालं, तर योजनेची वकिली करत बसू नये. एक गोष्ट मात्र सांगावी: सगळं त्या कापणी प्रयोगांवर अवलंबून आहे, म्हणून आपल्या शिवारात प्रयोग होईल तेव्हा तिथे हजर राहा.

एकट्याच्या शेताचं नुकसान जिथे मोजलं जातं तो भाग वेगळा आहे, आणि तो बाटल्या उचलल्यावरच सांगायचा, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळतात. गारपीट, शेतात पाणी साचणं, ढगफुटी, वीज पडून आग, किंवा कापून पसरलेलं पीक चौदा दिवसांच्या आत पावसात भिजणं: राज्याने त्या हंगामासाठी हे संरक्षण लागू केलं असेल तर नुकसानीची खबर 72 तासांत द्यावी लागते. महाराष्ट्रात खरीप 2025 पासून नियम बदलले आणि भरपाई कापणी प्रयोगांवरच आली, म्हणून सीमेपलीकडच्या पाहुण्याचं ऐकून इथे काही ठरवू नये. 72 तास हा आकडा हवेत राहतो. त्यापेक्षा "सोमवारी दुपारी गारा पडल्या तर गुरुवारी दुपारच्या आत" असं म्हणा आणि 14447 हा नंबर खडूने भिंतीवर मोठा लिहा. ज्यांच्याकडे मोबाईल आहे त्यांनी तो तिथल्या तिथे साठवावा.

शेवटची चार मिनिटं चाचणीची. "कळलं का?" हा प्रश्न विचारूच नका, त्याला "हो" शिवाय उत्तर मिळत नाही. त्याऐवजी प्रसंग द्या आणि लोकांनाच सांगायला लावा: माझं पीक किडीने गेलं, बाकी गावाचं बरं आहे, मला काय मिळेल? पाचसहा जणांनी आपापल्या शब्दांत बरोबर सांगितलं तर भाषण जमलं. उत्तर चुकलं तर बाटल्या परत पुढे आणा.

हे कुठे फसतं तेही सांगतो. स्टीलचे पेले घेतले तर आतलं दिसत नाही. शंभर माणसं असली तर मागच्यांना काहीच दिसत नाही. तीस-पस्तीसच्या गोलात बसवा, गर्दी असेल तर दोनदा करा. बाटल्यांना लागलेला वेळ भरून काढायला बोलणारा घाईने हप्त्याचे, पोर्टलचे, अंतिम तारखांचे आकडे ओततो, आणि दुसऱ्या दिवशी लोकांच्या लक्षात फक्त गोंधळ राहतो. तारीख एकच सांगावी, विमा भरायची शेवटची, आणि ती त्या हंगामाच्या अधिसूचनेत पाहूनच.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात. "गावाचं नाव घेतलं की उदाहरण स्थानिक होतं." नाही, धान्य, माप आणि शब्द तिथले लागतात. कोल्हापूरहून आलेला एक कार्यकर्ता "सातबारा आणा" म्हणत राहिला, आणि इथे उताऱ्याला पहाणी म्हणतात. घरात मराठी असली तरी फॉर्म कन्नडमध्ये येतो, म्हणून "बेळे विमे" हा शब्द तोंडात असलाच पाहिजे. "शेजारच्या पंचायतीला मिळालेली रक्कम सांगितली की लोकांना विश्वास वाटतो." वाटतो, आणि तेवढीच रक्कम आपल्यालाही मिळणार असं ते धरून चालतात. रक्कम सांगू नका, रीत सांगा. "पीककर्ज घेतलं की विमा सक्तीचा." खरीप 2020 पासून तो ऐच्छिक आहे. नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लेखी कळवावं लागतं. "योजनेची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय सुरुवात होत नाही." पहिली पाच मिनिटं त्यात घालवली की सर्वात सावध माणसं उठून गेलेली असतात.

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या हॉलमधलं पोस्टर शेवटी छापायला गेलं नाही. तुमच्याकडे छापून आलेलं असेल, तर गावात लावण्याआधी ते गावातल्याच पाच जणांना, प्रत्येकाला वेगळं, दाखवा आणि "यात काय दिसतं?" एवढंच विचारा. तिघांनी जरी "माझं शेत वाळलं की पैसे" असं सांगितलं, तरी ते पोस्टर लावू नका.