डॉल्बी व्हिजन घ्यावं की साधं एचडीआर?

नवा स्ट्रीमिंग बॉक्स टीव्हीला जोडला की सेटिंगमध्ये दोन पर्याय समोर येतात, 4K Dolby Vision आणि 4K HDR. दुकानदार डोळे झाकून पहिला घ्यायला सांगतो. बहुतेक घरांत तो बरोबरही ठरतो, पण फरक किती पडणार हे बॉक्सपेक्षा आपल्या टीव्हीवर अवलंबून असतं.

एचडीआर चित्रातला प्रत्येक बिंदू किती उजळ दिसायला हवा, हे निट्समध्ये ठरवून दिलेलं असतं. चित्रपटाचं शेवटचं रंगकाम ज्या मॉनिटरवर होतं, तो सहसा 1000 निट्सपर्यंत जातो, काही तर 4000 पर्यंत. घरातला स्वस्त किंवा मध्यम किमतीचा टीव्ही अनेकदा 300-400 वरच थांबतो. मग वरचा सगळा उजेड टीव्हीला दाबून आपल्या मर्यादेत बसवावा लागतो. किती दाबायचं याचा अंदाज यावा म्हणून चित्रासोबत जी माहिती येते, ती मेटाडेटा. साध्या एचडीआरमध्ये, म्हणजे एचडीआर10 मध्ये, ती अख्ख्या चित्रपटासाठी एकदाच दिलेली असते. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर10+ मध्ये ती दृश्यागणिक बदलते.

एक दृश्य घेऊ. दुपारची वेळ आहे, पांढरी भिंत 300 निट्सची आणि तिच्यामागचे ढग 380 चे. आपला टीव्ही 400 चा, म्हणजे दोन्ही जसंच्या तसं दाखवणं त्याला सहज जमावं. पण एचडीआर10 ने सुरुवातीलाच सांगून ठेवलंय की या चित्रपटात उजेड 4000 पर्यंत जातो. पुढे कधीतरी येणाऱ्या त्या स्फोटासाठी जागा राखायची म्हणून टीव्ही समजा 200 च्या वरचं सगळंच दाबायला लागतो. भिंत आणि ढग यांच्यातलं अंतर आटतं, ढगांचे पदर एकमेकांत मिसळतात. डॉल्बी व्हिजनमध्ये मात्र या दृश्याचा कमाल उजेड 380 च आहे, हे टीव्हीला आधीच कळतं. तो काहीच दाबत नाही आणि ढग ढगांसारखे दिसतात.

यातूनच उलट बाजूही कळते. टीव्ही खरोखर 1000 निट्स देणारा असेल आणि चित्रपटही 1000 वरच तयार झालेला असेल, तर दाबायला फारसं काही उरतच नाही. अशा टीव्हीवर दोन्हींतला फरक शोधत बसावं लागतं. शिवाय काही टीव्ही एचडीआर10 चं चित्रही चौकटीगणिक स्वतः तपासून उजेड बदलतात. तो टीव्हीचा अंदाज असतो, रंगकाम करणाऱ्याचा निर्णय नव्हे. तरी परिणाम पुष्कळदा चांगला असतो.

खरी चूक होते ती बॉक्स कायमचा डॉल्बी व्हिजनवर ठेवल्याने. मग जुना मराठी चित्रपट किंवा बातम्या, ज्यांत एचडीआर मुळातच नाही, तेही बॉक्स डॉल्बी व्हिजनच्या साच्यात घालून पाठवतो. चेहरे भडक किंवा निस्तेज दिसू लागतात आणि दोष टीव्हीला दिला जातो. ॲपल टीव्हीवर मूळ फॉरमॅट 4K SDR ठेवून Match Content मध्ये Match Dynamic Range चालू करावं. फायर टीव्हीवर Always HDR ऐवजी Adaptive निवडावं. त्यानंतर जे चित्र जसं असेल तसंच पुढे जातं. बॉक्स एचडीआर देतच नसेल, तर टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टची सेटिंग पाहावी. तिला कुठे Enhanced, कुठे Deep Colour म्हणतात आणि ती बऱ्याचदा बंदच असते.

स्वतः ताडून पाहायचं असेल तर Match Dynamic Range तात्पुरतं बंद करून एकच दृश्य आधी 4K Dolby Vision वर आणि मग 4K HDR वर लावा. ढग, बर्फ किंवा खिडकीतून येणारं ऊन असलेलं दृश्य निवडा. पण त्याआधी पिक्चर मोड तपासा. टीव्ही प्रत्येक फॉरमॅटसाठी तो वेगळा लक्षात ठेवतो, त्यामुळे एकीकडे Vivid आणि दुसरीकडे Cinema असेल तर तुम्ही फॉरमॅटची नव्हे, मोडची तुलना करत असता. दिवसा उजेडाच्या खोलीत डॉल्बी व्हिजन अंधारं वाटलं तर फॉरमॅट बदलण्याआधी त्याचा Bright किंवा Cinema Home मोड लावून पाहा.

सॅमसंगच्या टीव्हीवर डॉल्बी व्हिजन नाहीच, तिथे एचडीआर10+ असतं. बॉक्स, टीव्ही आणि चित्रपट या तिघांनाही ते चालत असेल तरच त्याचा उपयोग. एकही कडी कमी पडली की साधं एचडीआर10 सुरू होतं. आणि टीव्ही जेमतेम 250-300 निट्सचा असेल, पडद्याचे भाग वेगवेगळे उजळण्याची सोयही त्यात नसेल, तर तिसरी तुलना जरूर करावी, साध्या एसडीआरशी. तिथे अनेकदा एसडीआरच जास्त स्वच्छ आणि उजळ दिसतं, आणि तसं दिसलं तर बेलाशक तेच ठेवावं.