सोळा हजार जास्त का?

चाकणच्या कारखान्यातला एक अभियंता यंत्राच्या चाचणीसाठी जर्मनीला निघाला आहे, असं समजू. सोमवारी दुपारी दोन वाजता फ्रँकफर्टजवळ पुरवठादाराकडे चाचणी आहे. मुंबईहून आखाती शहरात विमान बदलून जाण्याचं तिकीट ५२,००० रुपयांना आहे आणि नॉनस्टॉपचं ६८,००० रुपयांना. कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कचा नियम सांगतो, स्वस्त घ्या. सोळा हजार जास्त मागायचे, तर डेस्कला चार ओळी लिहाव्या लागतात.

बरेच जण तिथे ‘प्रवासाचा त्रास होतो’ असं लिहितात आणि विनंती फेटाळली जाते. त्रास खरा असतो. पण डेस्कवरच्या माणसाला जादा खर्च मंजूर करताना हिशेबाला टिकेल असं कारण नोंदवावं लागतं. ते त्याला आयतं मिळालं पाहिजे.

इथे ते वेळापत्रकातच आहे. नॉनस्टॉपला साधारण नऊ तास लागतात. मध्यरात्रीनंतर सुटणारं विमान सोमवारी सकाळीच पोचवतं. विमान बदलून जाताना थांबा धरून चौदा-पंधरा तास जाऊ शकतात, म्हणजे त्याच रात्री निघून दोनची वेळ गाठण्याचा भरवसा नसतो. आदल्या दिवशी निघावं लागतं आणि हॉटेलची एक रात्र वाढते. हॉटेलचे १२,००० आणि दैनिक भत्त्याचे ५,००० धरले, तर स्वस्त तिकीट हजार रुपयांनी महाग पडतं. शिवाय रविवार जातो तो वेगळाच.

मग चिठ्ठी अशी होते: ‘सोमवारी दुपारी २ वाजता यंत्राची चाचणी, वेळ बदलणं शक्य नाही. स्वस्त पर्यायात आदल्या दिवशी निघावं लागेल. हॉटेल व भत्ता मिळून १७,००० रुपये वाढतील. भाड्यातला फरक १६,०००. दोन्ही भाड्यांचे आजचे स्क्रीनशॉट सोबत. नॉनस्टॉप मंजूर करावं.’

स्क्रीनशॉट एकाच दिवशीचे हवेत, कारण भाडी तासागणिक हलतात. दोन्ही तिकिटांत सामानाची मर्यादा आणि तारीख बदलण्याचा आकारही सारखा आहे ना, हे पाहावं. नाहीतर तुलनाच चुकते.

विमान चुकण्याचा धोकाही लिहावा, पण नेमका. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर पुढचं विमान चुकल्यावर विमान कंपनी दुसऱ्या विमानात जागा देते. ते संध्याकाळी पोचलं, तर चाचणी हुकते. टप्पे वेगवेगळ्या तिकिटांवर असतील, तर दुसरं तिकीट बहुधा वायाच जातं.

हाच अभियंता चाचणीऐवजी प्रदर्शन पाहायला चालला असता आणि सोमवारी कधीही पोचून चाललं असतं, तर मात्र जादा रात्रीचा खर्च उरत नाही. तिथे ५२,००० चंच तिकीट योग्य.