रात्री दोनचा ठेका

आजी रात्री उठून बसते हे आम्हाला कळलं ते न्हाणीघराच्या कडीमुळे. दोन-अडीचच्या सुमारास कडी वाजायची, थोड्या वेळाने पुन्हा, मग तिसऱ्यांदा. आईला वाटलं साखर वाढली असेल, म्हणून तिने रक्त तपासून घेतलं. साखर ठीक निघाली. शेवटी एका सकाळी चहा गाळता गाळता आईने सरळच विचारलं, तेव्हा आजी म्हणाली, "अगं, आधी छातीत धडधडतं. मग बराच वेळ लागतच राहते."

आजी तेव्हा ७४ वर्षांची होती. रक्तदाबाची गोळी बरीच वर्षं चालू होती, बाकी तब्येत काटक. आजोबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं आणि इथेच सगळ्यांची, आमचीसुद्धा, वाट चुकली. सकाळी अकरा वाजता दवाखान्यात ईसीजी काढला, तो अगदी नीट आला. डॉक्टर समजुतीने म्हणाले, "आजी, एकटेपणाने मन घाबरतं. हृदयाला काही झालेलं नाही." चिंता कमी करणारी गोळी रात्री झोपताना घ्यायला दिली. आजीने ते मानलं. आपलं मनच कमजोर झालं असं समजून ती जप वाढवत गेली. गोळीने सकाळी डोकं जड राहायचं आणि एकदा तर भिंतीला धरून ती कशीबशी सावरली. धडधड मात्र थांबली नाही.

ते डॉक्टर निष्काळजी होते असं मी म्हणणार नाही. घबराटीच्या झटक्यातही छाती धडधडते, घाम येतो, जीव घाबरा होतो. घरात नुकताच मृत्यू झालेला, समोर म्हातारी बाई आणि हातात सरळ ईसीजी. पण तो कागद नेमका किती वेळाचा असतो? साधारण दहा सेकंदांचा. सकाळी अकराच्या त्या दहा सेकंदांत हृदय नीट चाललं होतं, एवढंच तो सांगत होता. रात्री दोनबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं.

दोन-तीन महिन्यांनी आम्ही तिला सोलापूरला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधीचे कागद पाहिले आणि बाजूला ठेवले. म्हणाल्या, "आजी, धडधड होते तेव्हा ठोके कसे पडतात, ते या टेबलावर बोटाने वाजवून दाखवता का?"

आजी चाळीस वर्षं भजनी मंडळात टाळ वाजवत आली आहे. तिने डोळे मिटले आणि बोट आपटायला लागली. दोन घाईचे ठोके, मग एक फट, मग एकच, मग चार भराभर, पुन्हा फट. थांबून म्हणाली, "ह्याला समच नाही हो. धरायला जावं तर सुटतं."

बाईंनी आणखी तीन गोष्टी विचारल्या. सुरुवात हळूहळू होते की एकदम? एकदम, गाढ झोपेतून. आधी भीती वाटते की आधी धडधड? "आधी धडधड. भीती मागून येते." आणि नंतर लघवी? त्यावर आईच बोलली.

या उत्तरांना अर्थ होता. घाबरल्यावर हृदय धावल्यासारखं पळतं, पण ठोके एकसारखे पडतात. वेग चढत जातो आणि ओसरत जातो. आजीचे ठोके बटण दाबल्यासारखे सुरू व्हायचे आणि त्यांत ताल नव्हता. लघवीचंही कारण हृदयातच आहे. ठोका बिघडून हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की त्यांतून एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला सांगतं. म्हणून धडधडीच्या झटक्यानंतर काहींना भरपूर, पांढरी स्वच्छ लघवी होते.

आणखी एक खूण तर आमच्या घरातच होती. रक्तदाब मोजायच्या यंत्रावर कधी कधी हृदयाचं छोटं चित्र लुकलुकायचं. सेल संपत आले असतील म्हणून मी ते दोनदा बदलले. ती खूण ठोके अनियमित असल्याची असते.

पण संशयावर औषध देता येत नाही. ठोका कागदावर पकडावा लागतो. त्यासाठी होल्टर. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी घ्यायचं पहिलं यंत्र केलं, तेव्हा ते पाठीवर बांधावं लागे आणि वजन होतं जवळपास ३८ किलो. आजीला लावलं ते काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं: छातीवर चिकटवलेल्या पट्ट्या, त्यांच्या तारा आणि कमरेला डबी. चोवीस तास अंघोळ नाही, आणि काय झालं ते वेळेसह वहीत लिहायचं.

अहवाल स्वच्छ आला. काकांनी लगेच म्हटलं, "बघा, टेन्शनच होतं." बाई म्हणाल्या, "धडधड आठवड्यातून एकदा होते आणि आपण पहारा दिला एकच दिवस. त्या रात्री चोर आलाच नाही." होल्टर लावलेलं असताना त्रास झाला आणि तरीही ठोके नीट दिसले, तर हृदयाचा ताल निर्दोष म्हणता येतो. त्रासच झाला नाही, तर काहीच ठरत नाही. कितीतरी रुग्ण इथेच परत फिरतात.

मग सात दिवसांचा पॅच लावला. डाव्या छातीवर एकच पट्टी, तारा नाहीत, आणि त्रास झाला की दाबायचं एक बटण. पाचव्या रात्री आजीने ते दाबलं. वहीत तिच्या वाकड्या अक्षरात आहे: "२ वाजून १७. सुरू."

अहवालात २ वाजून १४ मिनिटांपर्यंत मिनिटाला ५८ ठोके, सारख्या अंतरावर, आणि प्रत्येक ठोक्याच्या उंच सुळक्याआधी एक छोटा उंचवटा. तो उंचवटा म्हणजे वरच्या कप्प्यांचं आकुंचन. त्यानंतर उंचवटे नाहीसे होतात, त्यांच्या जागी नुसती थरथरणारी रेघ, आणि सुळके १३० ते १५०च्या वेगाने वाटेल तसे पडत जातात. पावणेचारला सगळं आपोआप पूर्ववत. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. वरचे कप्पे आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरतात. झोपेत हृदय मंद करणारी नस जोरात असते आणि काहींमध्ये त्याच वेळी हा बिघाड सुरू होतो. घोरताना श्वास अडकत असेल तर तोही याला कारण होतो, म्हणून बाईंनी आजीच्या घोरण्याचीही चौकशी केली. थायरॉइड आणि हृदयाची सोनोग्राफी पाहिली.

या आजारात धडधडीपेक्षा मोठं भय वेगळंच असतं. थरथरणाऱ्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात, डाव्या बाजूच्या छोट्या पिशवीत, रक्त साचून राहतं आणि गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. सत्तरीपुढचं वय आणि रक्तदाब, या दोन गोष्टींवरून आजीचा धोका औषध देण्याइतका ठरला. गुठळी होऊ न देणारी गोळी दिवसातून दोनदा सुरू झाली. काकांनी विचारलं, "अ‍ॅस्पिरिन नाही का चालणार?" नाही चालत, या गुठळीवर ती पुरी पडत नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र राहतो. ठोक्यांचा वेग आवरणारी दुसरी गोळी दिली. चिंतेची गोळी एकदम न तोडता हळूहळू कमी केली.

झटके पूर्ण गेलेले नाहीत. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा येतो. चक्कर येऊन पडली, छातीत दुखलं, दम लागला किंवा बोलताना जीभ अडखळली तर वही उघडत न बसता सरळ रुग्णालय गाठायचं, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. एरवी आजी उठून बसते, मनगटावर तीन बोटं ठेवते आणि वेळ लिहून ठेवते. गेल्या महिन्यात दाढ काढायला गेली तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच तिने बटव्यातून घडी केलेला कागद काढून दंतवैद्यांपुढे धरला. त्यावर गोळीचं नाव मोठ्या अक्षरात मीच लिहून दिलं आहे.