जितके अंगठे, तितक्या पावत्या

लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये जमा झाल्याची बातमी गावात पसरली, की बँक मित्राच्या टपरीवर गर्दी होते. बँकेची शाखा तालुक्याला. जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली, तर पंधराशेतला बराच भाग त्यातच जातो. त्यापेक्षा झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जच्या त्याच टेबलावर अंगठा लावून नोटा घेणं परवडतं.

हा व्यवहार दिसतो सोपा. ग्राहक आधार क्रमांक आणि बँकेचं नाव सांगतो, रक्कम सांगतो, यंत्रावर बोट ठेवतो. ठसा आधार प्राधिकरणाच्या नोंदीशी ताडला जातो, ग्राहकाच्या बँकेत खात्यातून रक्कम वजा होते आणि ‘झालं’ असा निरोप यंत्रावर परत येतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा हजार रुपये निघतात. पण बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट पुढेच आहे. हातात पडणाऱ्या नोटा बँक मित्राच्या स्वतःच्या गल्ल्यातल्या असतात. ग्राहकाच्या खात्यातून वजा झालेली रक्कम बँक मित्राच्या खात्याकडे वळती होते आणि त्या बदल्यात तो रोकड देतो. म्हणून ‘आज पैसे संपले’ हे त्याचं म्हणणं खरं असू शकतं. आणि म्हणूनच, व्यवहार झालेला असताना ‘झाला नाही’ असं सांगण्यात एखाद्या लबाड माणसाचा थेट फायदा असतो.

समजा, एका ऊसतोड कामगार बाईंच्या खात्यात ६,२४० रुपये आहेत. त्यांना दोन हजार हवे आहेत. त्या अंगठा लावतात. बँक मित्र म्हणतो, “मावशी, नेट गेलं, परत लावा.” दुसऱ्यांदा जमतं, दोन हजार मिळतात, पावतीही मिळते. पावतीवर Cash Withdrawal आणि २,००० बरोबर आहे. खाली शिल्लक मात्र २,२४० लिहिली आहे.

इथे थांबून वजाबाकी करायची. ६,२४० मधून २,००० गेले, तर ४,२४० उरायला हवेत. म्हणजे पहिला अंगठाही खात्याला लागला.

तो लबाडीनेच लागला असं मात्र लगेच म्हणता येत नाही. बँकेने रक्कम वजा केली आणि निरोप परत येताना वाटेत अडकला, असंही होतं. अशा वेळी बँक मित्रालाही खरोखरच ‘अयशस्वी’ दिसतं. अडकलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत खात्यात परत यायला हवी, आणि उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे. पहिल्या अंगठ्याची पावती हातात असेल, तर खरं काय ते बँकेला शोधून काढता येतं.

त्यासाठी पावतीवरचा RRN हा बारा आकडी क्रमांक महत्त्वाचा. आधार क्रमांकही बारा आकडी असल्याने गोंधळ होतो, पण पावतीवर आधारचे शेवटचे चारच आकडे दिसायला हवेत. शाखेतला कर्मचारी RRNवरून नेमका तोच व्यवहार उघडतो. व्यवहार फसला तरी पावती निघते आणि ती मागून घ्यावी. तीच तर पुढे कामाला येते. पावतीचा कागद उष्णतेने छपाई होणारा असल्याने अक्षरं काही महिन्यांत पुसट होतात. पासबुकाच्या मागच्या पानावर तारीख, वेळ आणि RRN पेनाने उतरवून ठेवलेला बरा.

वजाबाकी करायची, तर आधीची शिल्लक ठाऊक हवी. तिच्यासाठीही अंगठा लागतो, आणि नेमकी इथेच फसगत होते. ‘फक्त शिल्लक बघतो’ म्हणून घेतलेल्या ठशावर पैसे काढता येतात. शिल्लक बघितली असेल, तर पावतीवर Balance Enquiry असतं. Cash Withdrawal दिसलं, तर पैसे निघालेत. इंग्रजी वाचता येत नसेल, तर शाळेत जाणारं घरातलं पोर सोबत न्यावं.

बोटं घासलेली असतील, तर एकदा-दोनदा ठसा न जुळणं नेहमीचं आहे. हात धुऊन, पुसून दुसरं बोट लावून पाहावं. दर वेळी पावती मात्र मागावी.

बँक मित्राला कमिशन बँक देते. ग्राहकाच्या नोटांतून वीस-पन्नास रुपये कापून घेण्याचा त्याला अधिकार नाही. काही बँका ठरावीक व्यवहारांनंतर शुल्क लावतात, पण ते खात्यातून वजा होतं, टेबलावर द्यावं लागत नाही.

हिशेब जुळला नाही, तर आधी स्वतःच्या बँकेत लेखी तक्रार द्यावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं; माहितीसाठी क्रमांक १४४४८. उघड फसवणूक असेल, तर त्याच दिवशी १९३० वर फोन करावा.