नव्या मुख्याध्यापकांना सहकाऱ्यांचे चार शब्द

अनुदानित माध्यमिक शाळेत जुने मुख्याध्यापक वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त होतात आणि बहुतेक वेळा शिक्षकखोलीतलेच कुणीतरी त्यांच्या खुर्चीत बसते. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या सेवाशर्तींची 1981 ची नियमावली तसेच सांगते. पदवी, बी.एड. आणि ठरलेला अनुभव असलेल्या, समाधानकारक सेवा केलेल्या शिक्षकांपैकी सेवाज्येष्ठतेने जो वर असेल, त्याला संस्थेने मुख्याध्यापक करावे. अल्पसंख्याक संस्थांना या क्रमातून मोकळीक आहे. बाकी ठिकाणी कालपर्यंत शेजारच्या टेबलावर वह्या तपासणारे सर आज ‘साहेब’ होतात. म्हणूनच शिक्षकवृंदाने त्यांना द्यायचे अभिनंदनपत्र नाजूक असते. ते लिहिणारा आणि घेणारा, दोघेही एकमेकांना वीस-पंचवीस वर्षे ओळखतात.

पत्र लिहायला घेण्याआधी कागदावरची स्थिती पाहून घ्यावी. संस्थेचा नेमणूक आदेश निघाला, म्हणजे सगळे झाले असे नसते. पदाला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. ती येईपर्यंत अनेक ठिकाणी ज्येष्ठ शिक्षक ‘प्रभारी’ म्हणून काम पाहतात. अशा वेळी पत्रात ‘मुख्याध्यापकपदी नियुक्ती’ असे ठोकून दिले, की सत्कार झालेल्या माणसालाच अवघडायला होते. ‘पदाचा कार्यभार स्वीकारल्याबद्दल’ हे शब्द दोन्ही वेळी खरे ठरतात.

दुसरी काळजी ज्येष्ठतेची. कधी यादीत वर असलेल्या शिक्षकाने लेखी देऊन आपला हक्क सोडलेला असतो, कधी दोघांच्या ज्येष्ठतेवरून वाद झालेला असतो. ते शिक्षक त्याच समारंभात पहिल्या रांगेत बसलेले असतात. ‘सर्वांत योग्य व्यक्तीची निवड झाली’ हे वाक्य अशा ठिकाणी कुणाला तरी लागतेच. तसेच निरोप आणि सत्कार एकाच दिवशी असतील, तर ‘आता शाळेला नवी दिशा मिळेल’ असेही लिहू नये. जुनी दिशा देणारे सर व्यासपीठावरच असतात.

यानंतर मजकूर. बहुतेक मानपत्रे इथेच फसतात. ‘ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व’, ‘ज्ञानाचा अखंड झरा’, ‘कुशल प्रशासक’ ही विशेषणे कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही सरांना चालतात. तपासायचे असेल तर पत्रातले नाव झाकून ते शिक्षकखोलीत वाचून दाखवावे. कुणाबद्दल आहे हे ओळखता आले नाही, तर पत्र पुन्हा लिहावे. विशेषण काढावे आणि ते सुचण्यामागचा प्रसंग ठेवावा.

चांगल्या पत्रात तीनच गोष्टी पुरतात. आम्ही तुमच्यात काय पाहिले, आम्हाला तुमच्याकडून काय आशा आहे, आणि आम्ही आमच्या बाजूने काय करू. तिसरी गोष्ट हमखास गळते, आणि ती गळली की दुसरी गोष्ट मागणीपत्रासारखी वाटू लागते. समजा, तालुक्याच्या गावातल्या शाळेत विज्ञानाचे एक शिक्षक मुख्याध्यापक झाले आहेत. त्यांच्यासाठीचे पत्र असे होऊ शकते:

‘आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

आपण आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकपदाचा कार्यभार स्वीकारल्याबद्दल आम्हा सर्व शिक्षक आणि शिक्षकेतर सहकाऱ्यांकडून आपले मनःपूर्वक अभिनंदन.

प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली की आपण मुलाला ओरडत नव्हता. ती कशी फुटली, हे त्यालाच वहीत लिहायला सांगत होता. त्यामुळे आपल्या तासाला मुले चूक लपवत नसत. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांचे पहिले पाठ आपण मागच्या बाकावर बसून ऐकलेत आणि जे सांगायचे ते तास संपल्यावर, एकट्याला सांगितलेत.

हीच रीत आता साऱ्या शाळेची व्हावी, अशी आमची आशा आहे. आमच्यापैकी कुणाचे चुकले, तर आपण स्पष्ट सांगावे. रजेवरच्या शिक्षकांचे तास कोण घेणार, हे शक्यतो आदल्या दिवशी कळावे, म्हणजे त्या तासालाही मुलांना शिकता येईल. आणि आठवड्यातून एखादा तरी विज्ञानाचा तास आपण स्वतःकडे ठेवावा, ही मुलांच्या वतीने विनंती.

आमच्याकडून शब्द देतो. घंटा झाली की आम्ही वर्गात असू. ऑनलाइन माहिती भरण्याचे काम आपल्या एकट्यावर पडू देणार नाही. आपला निर्णय पटला नाही, तर बैठकीत बोलू आणि ठरल्यावर तो मनापासून पाळू.

आपल्याला उत्तम आरोग्य आणि कामात समाधान लाभो.

आपले स्नेहांकित,
समस्त शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी’

यात एकही मोठे विशेषण नाही, पण सर कसे आहेत ते कळते. आशा तीन आहेत आणि त्या मुख्याध्यापकाच्या हातातल्या आहेत. नवी इमारत, रिक्त पदे, थकीत अनुदान हे विषय इथे येत नाहीत, कारण ते संस्थेच्या आणि शासनाच्या दारातले आहेत. सत्काराच्या कागदात घातले की नव्या माणसाला पहिल्याच दिवशी अपुरे वाटते.

ऑनलाइन माहितीचा शब्द मुद्दाम दिला आहे. आजच्या मुख्याध्यापकाचा बराच वेळ तिथेच जातो. शालार्थ प्रणालीवरची वेतनबिले, यू-डायसमधली विद्यार्थ्यांची नोंद, पोषण आहाराचा हिशेब आणि संचमान्यता हे सगळे त्याच्या सहीने जाते. पटावरची मुले नोंदीत नीट दिसली नाहीत, तर शिक्षकांची मंजूर पदे कमी होऊ शकतात. म्हणजे ही मदत सरांवर उपकार म्हणून नाही, त्यात शिक्षकांचेही हित आहे. शिवाय कार्यभार घेताना जनरल रजिस्टर, कॅशबुक, सेवापुस्तके आणि जडवस्तू नोंदवही ताब्यात घेऊन एकेक नोंद पडताळावी लागते. त्या दिवसांत दोन सहकारी सोबत बसले, तर पत्रातल्या शब्दाचे मोल तिथेच कळते.

आता थोडे रीतीचे. मसुदा एकाने लिहावा, पण सह्या होण्याआधी तो सर्वांना वाचू द्यावा. एकाच गटाने लिहिलेले पत्र ‘समस्त’ म्हणून वाचले गेले, तर दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत कुजबुज सुरू होते. शिपाई, लिपिक आणि प्रयोगशाळा सहायक यांच्या सह्या विसरू नयेत. वाचायला तीन मिनिटांहून अधिक लागत असेल तर काटछाट करावी. वाचण्याचा मान सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला द्यावा, विशेषतः ज्यांनी हक्क सोडला असेल त्यांना, अर्थात त्यांची इच्छा असेल तरच. शाल-श्रीफळ त्यानंतर.

पत्राची एक प्रत शिक्षकखोलीतही ठेवावी. सरांकडून ठेवलेल्या आशा सगळ्यांच्या लक्षात राहतात, आपण दिलेले शब्द मात्र पहिल्या चाचणी परीक्षेपर्यंत विसरले जातात. तेव्हा ती प्रत काढून आधी आपला परिच्छेद वाचावा.