विश्लेषण : रोज रात्री पोटाचे चूर्ण घेताय? डब्यात त्रिफळा आहे की सोनामुखी, ते आधी पाहा

संगमनेरच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात किंवा मेडिकलमध्ये ‘पोट साफ होण्यासाठी काहीतरी द्या’ असे म्हटले, की समोर तीन-चार डबे येतात. एकावर त्रिफळा लिहिलेले असते, दुसऱ्यावर पंचसकार, तिसऱ्यावर स्वादिष्ट विरेचन आणि चौथ्यावर एखाद्या कंपनीने ठेवलेले नाव. घरात मात्र या सगळ्यांना एकच शब्द असतो, ‘चूर्ण’. रात्री झोपताना एक चमचा कोमट पाण्याबरोबर घ्यायचा, सकाळी पोट साफ. अनेक घरांत ही सवय वर्षानुवर्षे चालू असते.

हे सगळे डबे सारखे नाहीत. काही चूर्णांत अशी वनस्पती असते, जी थोडे दिवस उपयोगी पडते, पण रोज घेतली तर शरीरातील पोटॅशियम कमी करू शकते. सोबत रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो.

त्रिफळा म्हणजे नेमके काय?

हिरडा, बेहडा आणि आवळा या तीन फळांची बी काढून, वाळवून, समप्रमाणात केलेले चूर्ण म्हणजे त्रिफळा. यातील हिरडा या भागाला परका नाही. संगमनेरच्या पश्चिमेला अकोले तालुक्यात आणि घाटापलीकडे जुन्नर, आंबेगावात हिरड्याची झाडे आहेत आणि तेथील आदिवासी कुटुंबे बाळहिरडा गोळा करून विकतात.

त्रिफळ्याची नेहमीची मात्रा ३ ते ६ ग्रॅम असते. त्याचा रेचक गुण सौम्य असतो आणि तो मुख्यतः हिरड्यामुळे येतो. तिन्ही फळांत तुरट द्रव्ये, म्हणजे टॅनिन, भरपूर असतात. त्यामुळे एखाद्याला त्रिफळ्याने पोट मोकळे होते, तर एखाद्याला फारसा फरक जाणवत नाही. मात्रा वाढवली की पोटात मुरडा येतो आणि पातळ जुलाब होतात.

मग सोनामुखी कुठून आली?

‘एका रात्रीत फरक’ देणाऱ्या बहुतेक चूर्णांचे खरे काम सोनामुखीची पाने करतात. पंचसकार हे नावच तसे सांगते. ‘स’ किंवा ‘श’ने सुरू होणारी पाच द्रव्ये, म्हणजे सुंठ, सैंधव, सौंफ म्हणजे बडीशेप, सनाय म्हणजे सोनामुखी आणि शिवा म्हणजे हिरडा. स्वादिष्ट विरेचन चूर्णात सोनामुखीबरोबर जेष्ठमध, बडीशेप, शुद्ध गंधक आणि साखर असते. ते गोड लागते, म्हणून चमचा सहज भरून घेतला जातो.

सोनामुखीतील द्रव्ये जठरात फारसे काही करत नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोहोचतात, तेथील जिवाणू त्यांचे रूपांतर करतात आणि मग आतड्याचे आकुंचन वाढते. आतडे मलातील पाणी शोषून घेण्याऐवजी आत सोडू लागते. या सगळ्याला ६ ते १२ तास लागतात. म्हणूनच रात्रीचा चमचा सकाळी काम करतो. बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर सोडियम आणि पोटॅशियमही जाते.

युरोपातील औषध नियामक संस्थेच्या मार्गदर्शनानुसार सोनामुखीतील रेचक द्रव्य दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि एक-दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ घ्यायचे असेल तर डॉक्टरांची देखरेख हवी.

आता घरातल्या चमच्याचा हिशेब करू. पंचसकारातील पाचही द्रव्ये सारखी आहेत आणि चमचा ५ ग्रॅमचा आहे असे धरू. त्यात सोनामुखी १ ग्रॅम येते. चांगल्या पानात रेचक द्रव्य साधारण अडीच टक्के असते, म्हणजे एका चमच्यात सुमारे २५ मिलिग्रॅम. एकच चमचा मर्यादेच्या जवळ जातो आणि दोन चमचे ती ओलांडतात. त्याच चमच्यात १ ग्रॅम सैंधवही असते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी हवे. रक्तदाबाच्या रुग्णाने त्याचा पाचवा भाग चूर्णातूनच घेतला असा याचा अर्थ. अनेक चूर्णांत सोनामुखीचे प्रमाण याहून जास्त असते.

रोज घेतल्याने काय होते?

पहिली गोष्ट सवयीची. जोराच्या रेचकाने मोठे आतडे बऱ्याच अंशी रिकामे होते. ते पुन्हा भरून शौचाची भावना यायला दोन-तीन दिवस लागणे स्वाभाविक असते. पण दुसऱ्या दिवशी शौचाला झाले नाही, की ‘पुन्हा बद्धकोष्ठ झाले’ असे वाटते आणि पुन्हा चमचा घेतला जातो. वास्तविक दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यातले काहीही निरोगी माणसात असू शकते.

दुसरी गोष्ट आतड्याच्या रंगाची. सोनामुखी अनेक महिने घेणाऱ्यांच्या आतड्याचे अस्तर दुर्बिणीने पाहिले तर काळपट दिसते. हा बदल स्वतः धोकादायक मानला जात नाही आणि चूर्ण बंद केल्यावर काही महिन्यांत तो ओसरतो.

तिसरी गोष्ट पोटॅशियमची आणि तीच सर्वांत महत्त्वाची. आतड्याच्या स्नायूंना आकुंचन पावण्यासाठी पोटॅशियम लागते. ते घटले की आतडे मंदावते आणि बद्धकोष्ठ वाढते. मग चूर्णाचा चमचा मोठा होतो, पोटॅशियम आणखी घटते. ज्या त्रासासाठी चूर्ण सुरू केले, तोच त्रास चूर्णामुळे टिकून राहतो.

रक्तदाबाच्या गोळीशी संबंध काय?

एक काल्पनिक, पण दवाखान्यात दिसू शकेल असे उदाहरण घेऊ. संगमनेरच्या पठार भागातील ६४ वर्षांच्या एका शेतकऱ्याला रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन असलेली गोळी चालू आहे. ही गोळी लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकते, पण तिच्याबरोबर पोटॅशियमही जाते. दोन वर्षांपासून ते रोज रात्री सोनामुखीचे चूर्ण घेतात. आधी एक चमचा पुरत होता, आता दोन लागतात. उन्हाळ्यात त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागतात, जिना चढताना पाय जड होतात, मधूनच छातीत धडधडते. घरच्यांना वाटते, वय झाले आणि ऊन लागले.

डॉक्टर सीरम इलेक्ट्रोलाइट्सची रक्ततपासणी सांगतात. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावे लागते, यांचे २.९ निघते. ‘कोणती औषधे घेता?’ या प्रश्नावर त्यांनी फक्त रक्तदाबाची गोळी सांगितलेली असते, कारण चूर्ण हे त्यांच्या लेखी औषधच नसते. एका बाजूने गोळी आणि दुसऱ्या बाजूने चूर्ण, अशा दोन वाटांनी पोटॅशियम जात होते. डॉक्टर ईसीजी काढतात, पोटॅशियमचे औषध देतात, चूर्ण थांबवतात आणि गोळीचा फेरविचार करतात. अशा वेळी रक्तदाबाची गोळी मनाने बंद करणे धोक्याचे असते. केळी आणि शहाळ्याचे पाणी एवढी घट भरून काढत नाही आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर उलट अपाय होऊ शकतो.

चूर्णात जेष्ठमध असेल तर आणखी एक भर पडते. जास्त मात्रेत, बराच काळ घेतलेले जेष्ठमध शरीरात मीठ-पाणी साठवते, रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियमही घटवते. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी तर सोनामुखी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, कारण पोटॅशियम कमी असताना या औषधाची विषबाधा लवकर होते.

नुसते त्रिफळा घेणाऱ्यांनी काय पाहावे?

त्रिफळ्यातील टॅनिन लोहाला बांधून ठेवतात, त्यामुळे लोहाची गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे. लोहाच्या गोळीनेच अनेकांना बद्धकोष्ठ होते, हेही लक्षात ठेवावे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी एकटीच घ्यावी, तिच्यासोबत त्रिफळा किंवा इसबगोल नको. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी त्रिफळा रोज सुरू केले तर साखर नेहमीपेक्षा खाली जाते का, हे सुरुवातीचे काही आठवडे तपासावे.

डब्यावर काय वाचायचे?

आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकांची यादी, वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि प्रमाण देणे नियमाने बंधनकारक आहे. अक्षरे बारीक असतात, म्हणून मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहावा. सोनामुखी, सनाय, स्वर्णपत्री, मार्कंडिका, सेन्ना किंवा कॅशिया अँगुस्टिफोलिया यापैकी कोणतेही नाव दिसले, तर डब्यात सोनामुखी आहे. जेष्ठमध ‘यष्टीमधु’ या नावाने आणि सैंधव ‘सैंधव लवण’ म्हणून लिहिलेले असते. सुट्या चूर्णावर यादीच नसते. ते घेतल्यावर सकाळी मुरडा येऊन पातळ होत असेल आणि लघवी पिवळट-तांबूस दिसत असेल, तर सोनामुखीची शंका घ्यावी.

सवय कशी सोडवायची?

वर्षानुवर्षे घेतलेले चूर्ण एकदम बंद केले तर पोट फुगते आणि माणूस चार दिवसांत परत डब्याकडे वळतो. अशक्तपणा, पायात गोळे किंवा धडधड नसेल, तर दोन ते चार आठवड्यांत मात्रा हळूहळू कमी करता येते. आधी अर्धा चमचा, मग एक दिवसाआड, मग बंद. त्याच काळात एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यातून घ्यावे आणि वर आणखी पाणी प्यावे. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. इतर गोळ्यांपासून ते दोन तास दूर ठेवावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि सकाळच्या चहा-न्याहारीनंतर शौचाला बसण्याची ठरलेली वेळ, यानेही आतड्याला लय येते. एवढ्याने भागले नाही तर लॅक्टुलोजसारखी, दीर्घकाळ घेता येणारी औषधे डॉक्टर देऊ शकतात.

पोटात जोराने दुखत असेल, उलट्या होत असतील किंवा पोट फुगून वायूही सरत नसेल, तर कोणतेही रेचक घेऊ नये. आतडे अडलेले किंवा अपेंडिक्सला सूज असू शकते. गर्भवतींनी चूर्ण विचारल्याशिवाय घेऊ नये. शौचावाटे रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे आणि पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यांची तपासणीच हवी. आणि दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर चूर्णाचा डबाही पिशवीत टाकावा.