सर्किट तेच, रीत कोणती?

वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर साखर ठेवली की समोर आकडा उमटतो. काट्याच्या पोटात धातूचा एक ठोकळा असतो. वजनाने तो किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक पट्ट्या ताणल्या-दाबल्या जातात आणि त्यांचा रोध अगदी थोडा बदलतो. हा थोडासा फरक पकडायला पट्ट्या एका चौकोनात जोडतात. बारावीच्या फिजिक्समधला व्हीटस्टन ब्रिज तो हाच. त्याची कल्पना सॅम्युअल हंटर ख्रिस्ती यांची, १८३३ सालची. चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती १८४३ मध्ये लोकांपुढे आणली आणि नाव त्यांचंच चिकटलं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हा ब्रिज पुन्हा भेटतो, आणि तिथे मुलं अडखळतात. गणित जमत नाही असं नसतं. तोवर मेश, नोड, थेव्हेनिन, सुपरपोझिशन, स्टार-डेल्टा एवढ्या रीती शिकून झालेल्या असतात आणि यातली कोणती काढायची हेच कळत नाही. मग जी पहिल्यांदा शिकली ती सगळीकडे लावायची. मीही विद्यार्थी असताना दिसेल त्या सर्किटला लूप काढत सुटायचो. तीन समीकरणं, तीन अज्ञात, दोन पानं खोडाखोड, आणि शेवटी एक उणे चिन्ह हरवलेलं.

एक उदाहरण घेऊ. दहा व्होल्टची बॅटरी. तिच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत दोन वाटा उतरतात. डाव्या वाटेवर वर १०० ओहम, खाली १००. उजव्या वाटेवर वर १००, खाली १५०. दोन्ही वाटांच्या मधल्या बिंदूंना डावीकडे क आणि उजवीकडे ख म्हणू. क आणि ख यांच्यामध्ये ९० ओहमचा मीटर जोडला आहे. मीटरमधून करंट किती?

पहिला मोह होतो सिरीज-पॅरलल करून सर्किट आटवण्याचा. इथे ते चालत नाही. मीटरमुळे क आणि ख या दोन्ही बिंदूंवर तीन-तीन तारा येतात, त्यामुळे कोणतेही दोन रोध ना निव्वळ सिरीजमध्ये राहतात ना निव्वळ पॅरललमध्ये. ही खूण ध्यानात ठेवली तर पाचेक मिनिटं वाचतात.

मग मेश की नोड? इथे मी मुलांना पेन खाली ठेवून मोजायला लावतो. नोड म्हणजे तारा जिथे मिळतात तो बिंदू. ब्रिजमध्ये असे चार आहेत. एकाला शून्य व्होल्ट मानला की उरले तीन. त्यातल्या वरच्या बिंदूचं व्होल्टेज बॅटरीनेच दहावर बांधून टाकलंय, म्हणजे खरे अज्ञात दोनच, क आणि ख. मेश म्हणजे जाळीतली रिकामी खिडकी. अशा खिडक्या तीन, म्हणून समीकरणंही तीन. नोडची रीत स्वस्त पडली. पण बॅटरीच्या जागी ठरावीक करंट देणारा सोर्स बसवा आणि पुन्हा मोजा. आता वरच्या बिंदूचं व्होल्टेज माहीत नाही, म्हणून नोडला तीन समीकरणं. उलट एका खिडकीतला करंट आयता मिळाला, म्हणून मेशला दोनच. आकृती तीच, फक्त सोर्स बदलला आणि पारडं फिरलं. ‘व्होल्टेज सोर्स नोडचं काम हलकं करतो, करंट सोर्स मेशचं,’ एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं तरी निम्मी निवड होते. मेशला आणखी एक मर्यादा आहे. सर्किट कागदावर तारा एकमेकींवरून न नेता काढता आलं पाहिजे. नाहीतर खिडक्याच ठरत नाहीत. नोडला ही अट नाही.

पण आपला प्रश्न नीट वाचला तर दोन समीकरणंही जास्तच आहेत. सगळ्या सर्किटचा हिशेब कोणी मागितलेला नाही. फक्त मीटरमधला करंट हवाय. एकाच घटकाबद्दल विचारलं असेल, आणि त्यातही तो घटक बदलणारा असेल, तर थेव्हेनिनकडे जावं. लेऑं थेव्हेनिन हे फ्रान्सच्या तारखात्यातले इंजिनिअर. त्यांचा लेख १८८३ चा. हेल्महोल्ट्झ यांनी हीच गोष्ट तीस वर्षं आधी मांडली होती. सांगणं असं, की तुमच्या घटकाला बाकीचं सगळं जंजाळ एक बॅटरी आणि तिच्यासोबत एक रोध एवढंच दिसतं.

मीटर उपटून टाका. आता दोन्ही वाटा सुट्या झाल्या. डावीकडे दोन समान रोध, म्हणून क वर ५ व्होल्ट. उजवीकडे २५० पैकी १५० ओहम खाली, म्हणून ख वर ६ व्होल्ट. फरक १ व्होल्ट, हीच ती बॅटरी. रोधासाठी खरी बॅटरी काढून तिच्या जागी नुसती तार लावा. क कडून १०० आणि १०० पॅरललमध्ये दिसतात, ते ५०. ख कडून १०० आणि १५० पॅरललमध्ये, ते ६०. बेरीज ११०. मीटरचे ९० मिळवले की २०० ओहमवर १ व्होल्ट, म्हणजे ५ मिलिअँपिअर. तोंडी झालं. मीटर बदलून १४० ओहमचा लावला, तर ४ मिलिअँपिअर. मागचं काहीच पुन्हा करावं लागत नाही. नोडच्या रीतीत प्रत्येक नव्या मीटरसाठी समीकरणं नव्याने सोडवावी लागली असती.

ताळा मात्र करावा. मीटर लावल्यावर क वर ५.२५ आणि ख वर ५.७ व्होल्ट येतात. ख मध्ये वरून ४३ मिलिअँपिअर येतात, खाली ३८ जातात, उरलेले ५ मीटरमध्ये. क मध्ये वरून ४७.५ येतात, त्यात हे ५ मिळून खाली ५२.५ जातात. जमलं.

आता हाच प्रश्न ‘बॅटरीतून किती करंट निघतो?’ असा विचारला, तर मीटरसाठी केलेलं थेव्हेनिन एकटं उत्तर देत नाही. त्याला क आणि ख ची व्होल्टेज हवीत, म्हणून नोडच बरा. उत्तर ४३ आणि ४७.५ मिळून ९०.५ मिलिअँपिअर.

सुपरपोझिशनबद्दल माझं मत जरा कडवट आहे. दोन-तीन सोर्स दिसले की मुलं ते लावतात आणि एकाऐवजी तीन सर्किटं सोडवत बसतात. कोणत्या सोर्सचा वाटा किती, असं विचारलं असेल तर ते चोख आहे. पण पॉवरची बेरीज कधी करू नये. १० ओहमच्या रोधात एका सोर्सने २ अँपिअर दिले, दुसऱ्याने त्याच दिशेने १ दिला, तर वेगवेगळी पॉवर ४० आणि १० वॉट येते. खरी मात्र ३ अँपिअरची, म्हणजे ९० वॉट. सर्किटमध्ये डायोड असेल तर सुपरपोझिशन मुळातच बाद. थेव्हेनिन तेव्हाही कामाला येतं, फक्त डायोड बाहेर, मीटरच्या जागी ठेवायचा.

ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये मात्र सांभाळावं. तिथल्या सोर्सची किंमत सर्किटमधल्याच दुसऱ्या करंटवर ठरते. असा अवलंबी सोर्स बंद करून रोध काढला की उत्तर हमखास चुकतं. तो जागेवरच ठेवून फक्त स्वतंत्र सोर्स बंद करा, बाहेरून १ व्होल्ट लावा आणि आत किती करंट जातो ते मोजा. त्या करंटने १ ला भागलं की रोध मिळाला.

वरच्याच ब्रिजमध्ये मीटर ३९० ओहमचा असेल तर? कागद घेऊ नका. उत्तर २ मिलिअँपिअर.